ॲपल सायडर व्हिनेगर पिऊन दात आंबायला लागलेत. आणखी कुणाला असा अनुभव?

रंकाळाफेरी
नमस्कार मंडळी. वय ४८, साखर तीन वर्षांपासून, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ. जानेवारीत तीन महिन्यांची साखर ७.४ आली आणि वजन ७४ किलो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं ॲपल सायडर व्हिनेगर सांगितलं. रोज पहाटे पाण्याच्या बाटलीत दोन मोठे चमचे घालून रंकाळ्याला जाते, चालता चालता घोट घोट घेते. फेरी संपेपर्यंत बाटली संपते, म्हणजे पाऊण तास धरा. घरी आलं की ब्रश आणि मग चहा.

चार महिन्यांत साखर ६.९ आणि वजन ७१.५. खूश होते. पण गेले तीन आठवडे दात आंबतात. चिंच खाल्ल्यावर कसे आंबतात तसे, पण काहीच न खाता. माठातलं पाणीसुद्धा समोरच्या दातांना सोसत नाही. परवा आरशात बघितलं तर वरच्या दोन दातांच्या कडा पारदर्शक झाल्यासारख्या दिसल्या, मागं बोट धरलं तर बोटाची सावली दिसते. आधीपासून असं होतं की आत्ता झालं, माहीत नाही, एवढं निरखून कोण बघतंय.

प्रश्न एवढाच: पाणी आणखी वाढवू का? साखर उतरलीय म्हणून बंद करायला जीव होत नाही.

शाहूपुरीचा_सम्या
ताई, पाणीच कमी पडतंय तुमचं. पाण्यात ॲसिड मरतं, साधं गणित आहे. लिटरभर पाण्यात घ्या आणि दिवसभर थोडं थोडं प्या, काय होत नाही. आणि बाटलीत खाली गाळ बसतो ना, ‘मदर’, तेच खरं औषध. गाळ नसलेली बाटली घेतली असेल तर पैसे पाण्यात. मी तर जिमच्या आधी ३० मिली नुसतंच मारतो, एका दमात. घशातनं जाळ काढत जातंय, पण नाद खुळा किक बसते.

पन्हाळा_पायथा
मला एक कळेना, सायडर म्हणजे सफरचंदाची दारूच ना? आमच्या धाकट्यानं परदेशात प्यायलेली सांगतो. साखरेवर दारू चालते असं कोण डॉक्टर सांगतो? आणि पहाटे पहाटे, रंकाळ्यावर? पोरी, जपून.

रंकाळाफेरी
काका 😄 दारू नाही ओ! त्या दारूचीच पुढं आंबून व्हिनेगर होते, म्हणतात. नशा नाही, नुसता आंबट वास. आमच्या ह्यांनी झाकण उघडून बघितलं आणि लोणच्याची बरणी उपडी झालीय का म्हणून विचारलं.

कवळी
टोपणनावावरून ओळखला असेल धंदा. एकतीस वर्षं दात बघितले, आता दुकान मुलाकडे. ताई, उत्तर द्यायच्या आधी चार प्रश्न. दात पुढून आंबतात की आतल्या, टाळूकडच्या बाजूनं? त्या बाजूवर जीभ फिरवली तर खरखरीत लागतं की गुळगुळीत? दाढांत जुनं सिमेंट भरलेलं आहे का, आणि ते हल्ली उंच लागतं का? बाटली संपल्यावर ब्रश किती वेळानं?

रंकाळाफेरी
डॉक्टर, आतल्या बाजूनं जास्त. गुळगुळीत, अगदी काचेसारखं. आणि हो!! खालच्या उजव्या दाढेतली चांदी जिभेला टोचते, मला वाटलं चांदी निघायला आली. ब्रश लगेच. तोंडाला आंबूस वास राहतो म्हणून जरा जोरातच घासते.

कवळी
चांदी वर आलेली नाही. भोवतीचा दात खाली गेलाय. रस्त्याच्या कडेचा मुरूम वाहून गेला की मैलाचा दगड उंच दिसतो, तसं. आतून काचेसारखं लागणं, कडा आरपार दिसणं आणि चांदीची कड जिभेला लागणं, हे तिन्ही एकत्र असलं की आम्ही किडीचा नाही, आम्लाचा विचार करतो. तोंडात बघितल्याशिवाय शिक्का मारत नाही, पण मुद्दाम बघून घ्या. किडलेला दात काळा पडतो, खड्डा पडतो, माणूस घाबरून येतो. झिजलेला दात उलट चकचकीत दिसतो, म्हणून उशीर होतो.

हे नवीन नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीची नोंद झाली. वजनासाठी रोज ग्लासभर हेच व्हिनेगर प्यायची, दात झिजले. एकच मुलगी आहे, त्यावरून सगळ्यांचं तसंच होईल असं नाही. पण ताईंच्या वर्णनात मला नवल वाटण्यासारखं काही नाही.

सम्या, तुझा दिवसभर थोडं थोडं पिण्याचा सल्ला मात्र दातांसाठी सगळ्यात वाईट. पाण्याच्या गणिताचं उत्तर इथले कुणी शास्त्रवाले देतील तर बरं, माझं रसायन बारावीत सुटलं.

परीक्षानळी
मी देतो. कॉलेजात रसायन शिकवतो आणि आज प्रॅक्टिकलची बॅच नव्हती, म्हणून शिपायाला पाठवून एक बाटली मागवली. लेबलवर पाच टक्के आम्ल. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. पीएच पेपर बुडवला: नुसतं व्हिनेगर दोन आणि तीनच्या मध्ये, लालभडक. मग एक मोठा चमचा ग्लासभर नळाच्या पाण्यात: तीनच्या जरा वर, नारिंगी. दुप्पट पाणी घातलं, पेपर तसाच नारिंगी. पोरांना दाखवायला पट्ट्या टेबलावर ओळीनं ठेवल्या होत्या, शेवटच्या दोघींतला फरक मलाच ओळखता येईना.

कारण असं. हे आम्ल दुबळं आहे, म्हणजे त्याचे बहुतेक कण गाठोडं न सोडता बसलेले असतात. पाणी वाढवलं की आणखी गाठोडी सुटतात आणि पातळ झाल्याची भरपाई होते. दहापट पाणी घातलं तरी पीएच अर्ध्या अंकानं वर जातो. दात विरघळायला लागण्याची रेषा साधारण साडेपाचची धरतात. एका चमच्यातलं आम्ल शुद्ध पाण्यात घालून तिथवर न्यायचं तर माझ्या हिशोबानं तीन हजार लिटरच्या वर लागतं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या भरून वर थोडं. नळाच्या पाण्यातले क्षार काही आम्ल मारतात, त्यामुळं प्रत्यक्षात बादलीभरावर भागेल. पण बादली कोण पितंय?

पाणी घातल्यानं फायदा नाहीच असं मात्र नाही. एकूण आम्ल तेवढंच असलं तरी एका घोटात ते कमी येतं, लाळेला ते आवरायला सोपं जातं, आणि घसा भाजत नाही. नुसतं पिणाऱ्यानं पाणी घालावंच. पण पाण्यात ॲसिड ‘मरतं’ हे खोटं.

शाहूपुरीचा_सम्या
सर, मग चिमूटभर खायचा सोडा घातला तर? फेस येतो आणि आंबटपणा जातो. प्रॉब्लेम सॉल्व.

परीक्षानळी
आंबटपणा जातो, बरोबर. दात वाचतील. पण मग पितोस कशाला? इटलीत १९९५ साली नेमकं हेच करून बघितलंय. लोकांना कोशिंबिरीत व्हिनेगर घालून पावासोबत खायला दिलं, तर जेवणानंतरची साखर कमी चढली. मग तेच व्हिनेगर सोड्यानं मारून दिलं, तर तो फरक दिसला नाही. माणसं थोडी होती आणि निरोगी होती, त्यामुळं जपून वाचायचं. पण दिशा अशी दिसते की जे काम करतं ते आम्लच, आणि जे दात खातं तेही आम्लच. एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

गाळाचंही सांगतो. तो जिवाणूंचा आणि तंतूंचा गोळा असतो. ज्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसते, त्यात काही ठिकाणी साधं पांढरं व्हिनेगर होतं. गाळ विकत घेण्याची गरज मला दिसत नाही.

कवळी
सर, छान सांगितलंत. आता ताईंच्या पाऊण तासाकडे येतो.

घोट घेतला की तोंडाचा पीएच खाली पडतो आणि मग लाळ काही मिनिटांत तो वर आणते. ताई दोन-तीन मिनिटांनी पुढचा घोट घेतात, म्हणजे लाळेचं काम पुरं व्हायच्या आतच परत पाडतात. पाऊण तास दात आंबटातच. तेही पहाटे, झोपेत लाळ कमी झालेली असते तेव्हा. शिवाय चालताना तोंडानं श्वास, तोंड कोरडं. त्यात वर लगेच जोरात ब्रश, म्हणजे नरम झालेल्या पृष्ठभागावर पॉलिश पेपर. प्रमाण फार नाही, पण पद्धत अशी आहे की माझ्याकडे गिऱ्हाईक यावं म्हणूनच आखली असावी.

ब्रश किती वेळानं करायचा यावर आमच्यातच एकमत नाही. अर्धा तास, तासभर असं सांगायची पद्धत आहे, पण तेवढ्यानं सगळं वाचतं असं मी म्हणणार नाही. आधी ब्रश करून मग आंबट घेणं मला सोयीचं वाटतं. नंतर नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ. स्ट्रॉ लोक वापरतात, ती दातांच्या मागे जिभेवर टेकवली तर पुढचे दात थोडे वाचतात, दाढा आणि घसा नाही.

गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. नरम झालेलं फ्लोराइडनं थोडं टणक होतं, म्हणून आत्ता थांबलात तर फायदा आहे.

आक्काची_लेक
हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या आईला मीच लावलंय हे व्हिनेगर, साखर आहे म्हणून. ती पहाटे व्हिनेगर पिते आणि लगेच मिश्री लावते, चुलीजवळ बसून अर्धा तास. डॉक्टर, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिचं वेगळं आहे ते मला कळतं. पण दोन्ही मिळून काही होतं का? ब्रश तिनं आयुष्यात हातात घेतलेला नाही. बोटानं घासते.

कवळी
लेकी, मिश्रीचा मोठा धोका झीज नाही, कॅन्सर आहे. तेवढ्यासाठी एकदा आईचं तोंड दाखवून घे, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का बघायला सांग. झिजेचं विचारशील तर बोट ब्रशपेक्षा मऊ, पण मिश्री कणीदार. आंबटानं नरम झालेल्या दातावर अर्धा तास कणी चोळली तर झीज वाढणारच. तिला मिश्री सोड म्हणून सांगणं तुला जमेल की नाही, तुझं तुला माहीत. व्हिनेगर तू लावलंस, ते तू बंद करू शकतेस. ते आधी कर.

आक्काची_लेक
व्हिनेगर आजपासून बंद. मिश्रीचं काढलं तर म्हणाली, "तुझ्या बापानं कधी बोललं नाही, तू कोण." तोंड दाखवायला मात्र तयार झाली, जोतिबाला जाऊन आल्यावर.

टाळकरी
मी दातांचं नाही, घशाचं सांगतो. आमचं भजनी मंडळ आहे, मी पेटीवर आणि आवाज देतो. कुठंतरी वाचलं की झोपताना घेतलं तर पहाटेची साखर उतरते. दोन चमचे थोड्याशा पाण्यात, आणि लगेच अंथरूण. सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी घोगरा आवाज, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरावं लागायचं. एकादशीला वरचा सा लागेना, लोक बघायला लागले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, म्हणाले मागचा भाग लाल आहे, पोटातलं आम्ल वर येतंय. व्हिनेगर सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. बंद केल्यावर तीन आठवड्यांत बरंच सुटलं.

पण खरं सांगायचं तर मी तेव्हा रात्री साडेदहाला जेवायचो आणि मटणही होतं. व्हिनेगरनं झालं की तांबड्या रश्शानं, देव जाणे. आता दोन्ही रात्रीचं नाही.

सायडरच्या गोळ्या मिळतात, त्या बऱ्या का? दाताला लागत नाहीत.

कवळी
दाताला लागत नाहीत, पण अडकल्या तर एकाच जागी बसतात. २००५ साली अमेरिकेतली एक नोंद छापून आली होती. बाईच्या घशात गोळी अर्धा तास अडकली आणि नंतर सहा महिने गिळायला त्रास. त्यांनी मग बाजारातल्या आठ प्रकारच्या गोळ्या तपासल्या, तर आम्लाचं प्रमाण एकमेकांशी आणि लेबलशी जुळेना. बाटलीत निदान किती टक्के ते कळतं.

झोपतानाचं तुम्ही वाचलेलं खोटं नाही. २००७ साली ११ मधुमेही लोकांवर तसा प्रयोग झाला होता, व्हिनेगरसोबत चीजचा तुकडा देऊन, आणि पहाटेची साखर चार टक्के उतरली. १५० असेल तर १४४. अकरा माणसं, दोनच रात्री. त्याच्यासाठी वरचा सा घालवायचा का, तुम्ही ठरवा.

शाहूपुरीचा_सम्या
वजनाचं तरी खरं आहे ना? मागच्या वर्षी रील बघितलं होतं, तीन महिन्यांत सात-आठ किलो, डॉक्टरांच्या मासिकात छापलेलं.

परीक्षानळी
लेबनॉनमधला अभ्यास. २०२४ ला छापला, आकड्यांवर शंका आल्या, २०२५ ला मासिकानं मागे घेतला. रील कुणी मागे घेतलं नाही. जपानमध्ये २००९ साली बारा आठवड्यांचा एक झाला, त्यात रोज एक ते दोन चमचे घेणाऱ्यांचं वजन एक-दोन किलो उतरलं. ताईंचे अडीच किलो त्याच्या जवळपास आहेत. पण ताई रंकाळ्याला किती फेऱ्या मारतात?

रंकाळाफेरी
एक पूर्ण. जानेवारीच्या आधी शून्य होत्या. आणि खरं सांगते, व्हिनेगर सुरू केल्यावर रात्रीचा भात अर्धा केला, एवढं आंबट पिऊन वर भात गिळायचा तर वाईट वाटतं. म्हणजे सात पूर्णांक चार वरून सहा पूर्णांक नऊ कशानं झालं, कसं कळायचं? तिन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं.

परीक्षानळी
नाही कळणार. तिघांतलं एक थांबवून पुढच्या तपासणीला बघायचं, एवढंच. आणि एक सांगतो. ज्या प्रयोगांत साखर कमी चढलेली दिसते, तिथं व्हिनेगर पाव, भात अशा पिठूळ जेवणासोबत किंवा अगदी आधी दिलेलं असतं, कारण त्यानं पोट हळू रिकामं होतं. तुम्ही पहाटे रिकाम्या पोटी घेता, पाऊण तास चालता आणि मग चहा पिता. अडवायचं काय तिथं?

कवळी
म्हणूनच मी म्हणतो, पिऊ नका, खा. दुपारच्या काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीत एक छोटा चमचा घाला, भाताच्या आधी संपवा. तोंडात अन्न असतं, लाळ सुटते, आंबट एका जागी राहत नाही, आणि पाच मिनिटांत काम संपतं. लिंबूही चालतं, पण लिंबू पाण्यात घालून घोट घोट घेणं याच माळेचा मणी, तिकडं पळवाट शोधू नका.

पन्हाळा_पायथा
मला आता विषय समजला. मी ग्लिमेपिराइड घेतो, ती न्याहारीच्या आधीची गोळी. सुनेनं मलाही सकाळी हे द्यायला सुरुवात केलीय, आणि मागच्या सोमवारी दहा वाजता अंगाला दरदरून घाम, हात थरथर. यंत्रावर ६४. गुळाचा खडा चघळला तेव्हा बरं वाटलं. मी म्हटलं उन्हानं झालं असेल.

कवळी
काका, हा दातांच्या माणसाचा विषय नाही, पण आजच तुमच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. ती गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन ढकलत राहते. व्हिनेगरनं अन्न हळू पुढं सरकतं. गोळीचं काम सुरू आणि अन्न अजून पोटात, असं झालं असेल तर साखर पडते. त्या दिवशी न्याहारी उशिरा झाली होती का तेही आठवा. रंकाळाफेरी ताईंची मेटफॉर्मिन नुसती असली तर साखर सहसा अशी पाडत नाही, म्हणून त्यांचं बघून तुम्ही ठरवू नका. आणि डॉक्टरांशी बोलेपर्यंत ते व्हिनेगर नको.

पन्हाळा_पायथा
न्याहारी उशिराच झाली होती. गॅस संपला होता. सुनेला सांगतो, पण ती रागावेल, बाटली साडेचारशेची आहे.

आक्काची_लेक
काका, फरशी पुसायला द्या. आमच्याकडं नळाच्या तोटीवरचे पांढरे डाग गेले अर्ध्या तासात. त्यावरनंच कळायला पाहिजे होतं मला.

रंकाळाफेरी
उद्या साडेपाचला दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, राजारामपुरीत. आज बाटलीत नुसतं पाणी घेऊन गेले. दुपारी काकडीत एक चमचा घातला, भात अर्धाच. आता फक्त चालणं, अर्धा भात आणि कोशिंबीर, ऑगस्टला परत तपासणी करणार आहे. आकडा आला की इथंच टाकते, मग तो ७.४ असला तरी.

शाहूपुरीचा_सम्या
डॉक्टर, एक विचारू का. मी जीभ फिरवून बघितली. आतून काचेसारखं लागतंय. पण माझं आधीपासूनच तसं असेल ना?

कवळी
सोमवारी मुलाच्या दुकानात ये. चांदी भरलेली आहे का तुझ्या कुठल्या दाढेत?